पश्चिमेची काच आणि तीन आकडे

मुंबईत पश्चिमेला तोंड असलेल्या कार्यालयाची काच ठरवायला बसलेल्या बैठकीत पहिला प्रश्न बहुधा रंगाचा निघतो. निळसर हवी की राखाडी, शेजारच्या टॉवरसारखी चमकणारी हवी की नुसती पारदर्शक? टेबलावर तळहाताएवढे नमुने मांडले जातात, कुणी ते खिडकीपाशी नेऊन उजेडात धरतो आणि अर्ध्या तासात निर्णय होतो. प्रत्येक नमुन्याच्या मागे चिकटवलेल्या कागदावर तीन आकडे असतात. पुढची वीस-पंचवीस वर्षे त्या इमारतीचे विजेचे बिल किती येणार आणि काचेलगत बसणाऱ्या माणसाची दुपार कशी जाणार, हे बऱ्याच अंशी त्या तीन आकड्यांवर ठरते. त्यांच्याकडे मात्र सगळ्यात शेवटी पाहिले जाते.

पहिला आकडा एसएचजीसी, म्हणजे सौर उष्णताप्राप्ती गुणांक. काचेवर पडलेल्या उन्हातली किती ऊर्जा शेवटी खोलीत येते, ते हा शून्य ते एक यांमधला आकडा सांगतो. यात उष्णतेच्या दोन वाटा धरलेल्या असतात. काही ऊन काचेतून थेट आत येते, आणि काही काच स्वतः शोषून तापते व त्या उष्णतेतला एक हिस्सा आत सोडते. दुसरा आकडा व्हीएलटी. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापैकी किती आत येतो, ते त्यावरून कळते. तिसरा यू-व्हॅल्यू. याचा उन्हाशी संबंध नाही. बाहेर आणि आत तापमानात एका अंशाचा फरक असेल, तर एक चौरस मीटर काचेतून किती वॅट उष्णता पलीकडे जाते, एवढेच तो सांगतो. एसएचजीसी आणि यू जितके कमी तितकी उष्णता कमी आत येते. व्हीएलटीचा हिशोब एवढा सरळ नाही, त्याकडे नंतर येऊ.

यातला कुठला आकडा किती महत्त्वाचा, हे एका मजल्याचा हिशोब मांडला की लगेच उमगते. अंधेरीतल्या एखाद्या कार्यालयाचा एक मजला डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेची बाजू तीस मीटर लांब आहे आणि तिच्यावर 40 चौरस मीटर काच आहे. वेळ एप्रिलमधली, दुपारी चारची. बाहेर 34 अंश, आत 24. सूर्य क्षितिजापासून साधारण चाळीस अंशांवर उतरलेला आणि जवळजवळ समोर. अशा वेळी पश्चिमेच्या उभ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे 600 वॅट ऊन पडते असे धरू.

आता साधी सहा मिलिमीटरची पारदर्शक काच लावली तर काय होईल ते पाहा. तिचा एसएचजीसी 0.82 च्या आसपास असतो, म्हणजे उन्हातून 492 वॅट आत. यू असतो 5.7 च्या आसपास. दहा अंशांच्या फरकाला त्यातून आणखी 57 वॅट येतात. बेरीज 549 वॅट. चाळीस चौरस मीटरला ती जवळपास 22 किलोवॅट होते. एसीच्या भाषेत सव्वासहा टन, तेही एका मजल्याच्या एका बाजूच्या फक्त काचेपायी. आणि या बेरजेत उन्हाचा वाटा तापमानाच्या फरकापेक्षा आठ पटींहून अधिक आहे. मुंबईतल्या काचेचे सारे प्रकरण या एका प्रमाणात आहे.

हे प्रमाण ध्यानात न घेतल्यामुळे सगळ्यात जास्त पैसा कुठे वाया जातो, तर साध्या डबल ग्लेझिंगवर. दोन पारदर्शक काचा, मध्ये बारा मिलिमीटर कोरडी हवा, कडेने सीलबंद, यालाच बाजारात डीजीयू म्हणतात. ‘डबल काच आहे, उष्णता येणार नाही’ असे मालकाला सांगितले जाते. यू-व्हॅल्यूपुरते ते खरे आहे. 5.7 वरून तो 2.8 पर्यंत, म्हणजे निम्म्यावर येतो. पण दोन्ही काचा पारदर्शक असल्याने ऊन जवळपास तसेच आत शिरते, एसएचजीसी 0.70 च्या आसपास राहतो. आपल्या मजल्यावर हिशोब केला तर 420 अधिक 28, म्हणजे 448 वॅट, आणि एकूण पाच टनांच्या वर. दुप्पट काच, जड फ्रेम, वाढलेला खर्च, एवढे सगळे करून सव्वा टन वाचला.

तिसरा पर्याय गडद, आरशासारखी चमकणारी एकेरी काच. रस्त्यावरून पाहिलेल्या कितीतरी इमारतींवर ती दिसते. तिचा एसएचजीसी समजा 0.40 आहे आणि यू 5.6. बेरीज 296 वॅट, म्हणजे साधारण 3.4 टन. हे पारदर्शक काचेपेक्षा निश्चितच बरे. पण तिचा व्हीएलटी 0.18 च्या आसपास असतो, म्हणजे बाहेरच्या उजेडाचा पाचवा भागही आत येत नाही. एप्रिलच्या रणरणत्या दुपारी आत सगळे दिवे लावून माणसे काम करतात. शिवाय गडद काच ऊन शोषून स्वतः तापते. दुपारनंतर तिचा आतला पृष्ठभाग चाळिशीच्या पुढे गेला, तर शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला हवेचे तापमान 24 असूनही एका बाजूने शेकल्यासारखे वाटते. तो एसी 21 वर आणतो आणि मजल्याच्या मध्यभागी बसलेल्या बायका शाल पांघरतात. थर्मोस्टॅटवरून होणाऱ्या कितीतरी भांडणांचे मूळ काचेत असते.

चौथा पर्याय लो-ई काचेचा. डीजीयूमधल्या बाहेरच्या काचेला आतल्या पोकळीकडून चांदीचे अतिशय पातळ थर दिलेले असतात. दोन थर असलेल्या चांगल्या काचेत एसएचजीसी 0.25, व्हीएलटी 0.45 आणि यू 1.6 असे आकडे मिळू शकतात. आपल्या मजल्यावर 150 अधिक 16, म्हणजे 166 वॅट. एकूण 6.6 किलोवॅट, दोन टनांहून थोडे कमी. गडद काचेपेक्षा दीड टन कमी, आणि उजेड तिच्या अडीच पट.

उजेड वाढवून उष्णता कमी करणे शक्य होते, कारण उन्हातली ऊर्जा सगळीच दिसणारी नसते. जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात निम्म्याच्या आसपास ऊर्जा अवरक्त किरणांची असते. डोळ्यांना तिचा उपयोग नाही, खोली मात्र ती तापवते. चांदीचे थर दिसणारा प्रकाश बराचसा जाऊ देतात आणि अवरक्त बराचसा परत फिरवतात. गव्हाच्या पिठाच्या चाळणीतून पीठ खाली पडावे आणि कोंडा वर राहावा, तसे हे काम आहे. गडद काचेला अशी निवड जमत नाही, ती दोन्ही सारखेच अडवते. म्हणून ‘काच जितकी काळी तितकी थंड’ ही समजूत चुकीची आहे.

याच गोष्टीतून खोटा दावा पकडण्याची एक सोपी युक्ती मिळते. दिसणाऱ्या प्रकाशातही ऊर्जा असतेच, आणि तो आत आला की शेवटी त्याची उष्णताच होते. त्यामुळे व्हीएलटीला एसएचजीसीने भागून येणाऱ्या गुणोत्तराला निसर्गाचीच मर्यादा आहे. साध्या पारदर्शक काचेत ते एकाच्या आसपास असते, वरच्या गडद काचेत एकाच्या निम्म्याहूनही कमी, आपल्या लो-ई काचेत 1.8. तीन थरांच्या उत्तम काचांमध्ये ते दोनच्या थोडे वर जाते. कुणी 70 टक्के प्रकाश आणि 0.20 एसएचजीसी असा नमुना दाखवला, तर गुणोत्तर साडेतीन येते. अशी काच असू शकत नाही. चाचणीचा अहवाल मागावा.

प्रदर्शनात आणि शोरूममध्ये एक पेटी ठेवलेली असते. मागे तांबडा हीट लॅम्प, पुढे एक साधी आणि एक कोटिंगवाली काच. साध्या काचेसमोर हात भाजतो, दुसरीसमोर काहीच जाणवत नाही. प्रयोग खोटा नसतो, पण तो दिवा म्हणजे सूर्य नव्हे. त्या दिव्याची बहुतेक सारी ऊर्जा अवरक्त असते आणि चांदीचा थर नेमकी तीच परतवतो. उन्हात दिसणाऱ्या प्रकाशाचा मोठा हिस्सा असल्याने तीच काच पश्चिमेच्या उन्हात एवढा चमत्कार करत नाही. ‘99 टक्के अवरक्त अडवते’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या फिल्मबद्दलही हेच लक्षात ठेवावे. अवरक्त किती अडते हे न विचारता एसएचजीसी किती, एवढेच विचारावे.

आता यू-व्हॅल्यूचा भाव. आपल्या चारच्या हिशोबात एसएचजीसी 0.01 ने उतरला तर सहा वॅट वाचतात. यू 0.3 ने उतरला तर तीन वॅट. पोकळीत हवेऐवजी आरगॉन वायू भरला तर यू साधारण तेवढाच खाली येतो, 1.6 वरून 1.3 च्या आसपास. म्हणजे आरगॉनसाठी मोजलेल्या पैशात जे मिळते, ते एसएचजीसी 0.25 च्या जागी 0.24 ची काच निवडून दुप्पट मिळते. मुंबईच्या कार्यालयाला आरगॉनची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. वरळीतल्या मालकाला युरोपातल्या माहितीपत्रकावरून तो विकला जातो. तिथे हिवाळ्यात आत वीस आणि बाहेर शून्याखाली तापमान असते आणि घरातली ऊब राखणे हाच मुख्य प्रश्न असतो, म्हणून तिथे तो योग्य आहे.

पण याचा अर्थ यूकडे दुर्लक्ष करावे असा नाही. नागपुरात मे महिन्यात पारा 45 वर असतो तेव्हा आतबाहेरचा फरक एकवीस अंशांचा होतो आणि एकेरी काचेतून दर चौरस मीटरला 120 वॅट नुसत्या तापमानाच्या फरकाने येतात. तेही ऊन असो वा नसो, उत्तरेच्या सावलीतल्या खिडकीतूनसुद्धा. तिथे डीजीयू हवाच. मुंबईत यूचा उपयोग वेगळ्या ठिकाणी दिसतो. पावसाळ्यात बाहेरची हवा इतकी दमट असते की थंड हवेचा झोत थेट एकेरी काचेवर येत असेल, तर काचेला बाहेरून घाम सुटतो आणि खिडकी धुरकट होते. दोन काचांमध्ये पोकळी असली की बाहेरची काच तेवढी गार पडत नाही. शिवाय आतली काच खोलीच्या तापमानाजवळ राहते, त्यामुळे खिडकीलगतच्या खुर्च्याही बसण्याजोग्या राहतात.

व्हीएलटी किती असावा, यावर मतभेद होतात. उजेड जितका जास्त तितका बरा, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण पश्चिमेच्या उतरत्या उन्हात व्हीएलटी 0.65 ठेवला तर संगणकाच्या पडद्यावर चकाकी येते, माणसे तीन वाजता ब्लाइंड खाली ओढतात आणि सहसा ते पुन्हा वर जात नाहीत. मग महागड्या काचेमागे पुन्हा दिवे. उलट 0.20 च्या खाली गेलात तर ब्लाइंड उघडे असूनही दिवे लागतातच. मला पश्चिमेला 0.40 ते 0.50 हा टप्पा योग्य वाटतो. खिडकीची उंची पुरेशी असेल तर ती आडवी विभागावी. डोळ्यांच्या पातळीला कमी व्हीएलटीची काच, आणि वर छताजवळच्या पट्ट्यात जास्त व्हीएलटीची. वरच्या पट्ट्यातला उजेड छतावरून आत खोलवर जातो. खालचा ब्लाइंड ओढला तरी तो बंद होत नाही.

उजेडातून बचत मिळण्यासाठी मात्र दिव्यांची वायरिंग तशी हवी. खिडकीचा माथा 2.7 मीटरवर असेल तर उपयोगी उजेड साधारण चार-पाच मीटरपर्यंत पोहोचतो. आपल्या मजल्यावर तो तीस मीटर लांब आणि चार मीटर रुंद पट्टा झाला. दर चौरस मीटरला आठ वॅटचे दिवे धरले तर त्या पट्ट्यात एक किलोवॅटच्या आसपास वीज जाते, आणि दिव्यांची ती वीज शेवटी उष्णता होऊन एसीवरच येते. या पट्ट्याचे दिवे वेगळ्या सर्किटवर आणि सेन्सरवर नसतील, तर काच कितीही चांगली असो, ते सकाळी नऊला लागतात आणि रात्रीच विझतात.

काय किमान हवे, हे ठरवून देणारा नियमही आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने काढलेल्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या, म्हणजे ईसीबीसीच्या 2017 च्या आवृत्तीत मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात उत्तर सोडून इतर बाजूंना एसएचजीसी जास्तीत जास्त 0.27, यू जास्तीत जास्त 3.0 आणि व्हीएलटी किमान 0.27 अशी मर्यादा आहे. भिंतीच्या एकूण क्षेत्रफळात काच 40 टक्क्यांहून जास्त नसावी, हेही आहे. उत्तरेच्या बाजूला एसएचजीसी 0.50 पर्यंत चालतो. ही सवलत अर्थपूर्ण आहे. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो खरा, पण तेव्हा तो इतका उंच असतो की उत्तरेच्या उभ्या काचेवर ऊन तिरपे आणि कमी पडते. त्यामुळे उत्तरेला भरपूर व्हीएलटीची, स्वच्छ दिसणारी काच घेता येते. तरीही चारही बाजूंना एकच काच लावण्याचा आग्रह धरला जातो, कारण इमारत सगळीकडून सारखी दिसायला हवी असते. मग पश्चिमेच्या गरजेची गडद काच उत्तरेला लागते आणि मिळू शकणारा सगळ्यात शांत उजेड बाहेरच राहतो.

दक्षिणेला सज्जा फार कामाचा ठरतो. डिसेंबरच्या दुपारीही मुंबईत सूर्य सत्तेचाळीस अंशांच्या वर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या काचेवर सज्जाची सावली चांगली पडते, आणि संहितासुद्धा अशा कायमस्वरूपी सावलीचे श्रेय देते. पश्चिमेला तोच सज्जा अपुरा पडतो, कारण पाचच्या पुढे सूर्य त्याच्याखालून आत येतो. तिथे उभ्या, थोड्या तिरक्या पट्ट्या लागतात आणि त्या बाहेरच हव्यात. आतल्या पडद्यापर्यंत पोहोचलेले ऊन खोलीत आलेले असते.

चमकणाऱ्या काचेचा आणखी एक आकडा कुणी विचारत नाही, तो बाहेरच्या परावर्तनाचा. लंडनच्या 20 फेनचर्च स्ट्रीट या अंतर्वक्र काचेच्या इमारतीने 2013 मध्ये समोरच्या रस्त्यावर इतके ऊन एकवटले की तिथे उभ्या केलेल्या एका मोटारीचे भाग वितळले. सपाट इमारत एवढे टोक गाठत नाही, पण मुंबईच्या अरुंद गल्लीत आपल्या काचेवरून उडालेले ऊन समोरच्या घरात शिरतेच.

बरोबर काच निवडूनही घोटाळा होऊ शकतो, आणि तो बहुधा तीन ठिकाणी होतो. पहिला कागदावर. जुन्या माहितीपत्रकांत एसएचजीसीऐवजी शेडिंग कोइफिशंट दिलेला असतो. त्याला 0.87 ने गुणले की एसएचजीसी येतो. 0.30 चा शेडिंग कोइफिशंट म्हणजे 0.26 चा एसएचजीसी. दोन पुरवठादारांची तुलना करताना एकाचा हा आणि दुसऱ्याचा तो आकडा घेतला, तर चुकीचा माणूस जिंकतो. दुसरा घोटाळा फ्रेमचा. माहितीपत्रकातला 1.6 हा यू फक्त काचेच्या मधल्या भागाचा असतो. ॲल्युमिनियम उष्णतेचा उत्तम वाहक आहे. साध्या ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये बसवल्यावर अख्ख्या खिडकीचा यू अडीचच्या पुढे सहज जातो. संहितेला फ्रेमसकट खिडकीचा आकडा हवा असतो.

तिसरा घोटाळा जागेवर होतो, आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बाहेरून आत मोजत गेले तर डीजीयूला चार पृष्ठभाग असतात आणि ऊन अडवणारे कोटिंग दुसऱ्यावर हवे. डीजीयू उलटा बसवला तर ते तिसऱ्यावर जाते. यू तोच राहतो, व्हीएलटी तोच राहतो, काच दिसतेही तशीच. पण आता ऊन शोषून आतली काच तापते आणि ती उष्णता बाहेर जाण्याऐवजी खोलीत येते. एसएचजीसी चढतो. हे ओळखायला यंत्र लागत नाही. संध्याकाळी काचेसमोर लायटर पेटवून तिरके पाहा, ज्योतीची चार प्रतिबिंबे ओळीने दिसतील. त्यांतल्या एकाचा रंग वेगळा असतो, तोच कोटिंगचा पृष्ठभाग. बाहेर उभे राहून पाहताना वेगळ्या रंगाचे प्रतिबिंब आपल्याकडून दुसरे असायला हवे. आत उभे असाल तर तिसरे.

काचेच्या खरेदीच्या आदेशात बहुतेक वेळा जाडी, रंग आणि दर एवढेच लिहिलेले असते. त्यात काचेचा नेमका कोड, कोटिंगचा पृष्ठभाग, कुठल्या मानकानुसार काढलेला एसएचजीसी आणि व्हीएलटी, आणि फ्रेमसकट यू, हे प्रत्येक दिशेसाठी वेगळे लिहून घ्या. आणि पहिली वीस तावदाने बसली की सगळा दर्शनी भाग पूर्ण व्हायची वाट न पाहता त्यांच्यासमोर लायटर पेटवा. चूक तेव्हा दुरुस्त होऊ शकते, सतराव्या मजल्यापर्यंत काच चढल्यावर नाही.